विश्लेषण : कामावर बोट तुटले, पण भरपाई का अडते? पहिल्या नोंदीत नेमके काय लिहायचे?

नागपूर जिल्ह्यातील औद्योगिक अपघात म्हटले की स्फोट आठवतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव येथील सोलार इंडस्ट्रीजच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात नऊ कामगार दगावले. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ जणांचा जीव गेला. अशा वेळी मंत्री धावून येतात, मदत जाहीर होते, चौकशी बसते. बाजारगावच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले होते. पण हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत प्रेस मशीनखाली एकाच कामगाराचे बोट सापडते, तेव्हा बातमी होत नाही. त्याला मिळणारी भरपाई कोणाच्या घोषणेवर नाही, तर पहिल्या दिवशी झालेल्या दोन-तीन कागदी नोंदींवर ठरते. या नोंदी कोणत्या, त्यात काय हवे आणि त्या कुठे बिघडतात?

दावा नेमका कोणाकडे?

सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी लागते. जखमी कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईएसआय’मध्ये आहे की नाही? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार या योजनेत येतो. तो ठेकेदाराचा असला तरी येतो. अशा कामगाराला भरपाई मालक देत नाही, विमा महामंडळ देते, आणि मालकावर वेगळा भरपाई दावा करता येत नाही.

जो या योजनेत नाही, त्याची भरपाई थेट मालकाने द्यायची असते. याचा कायदा १९२३ पासूनचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. त्याआधीचे अपघात जुन्या कायद्यानेच पाहिले जातील. संहितेने गणिताचा पाया आणि दुखापतींचा तक्ता जवळपास तसाच ठेवला आहे. नमुन्यांचे क्रमांक पुढे बदलू शकतात, पण त्यात विचारली जाणारी माहिती बदलण्याचे कारण दिसत नाही.

गोंधळ होतो तो मधल्या कामगारांचा. पगारातून ईएसआयची कपात होते, पण विमा क्रमांक कधी हातात पडलेला नसतो. काही ठिकाणी तर अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदणी केली जाते. नोंदणीची तारीख अपघाताच्या नंतरची दिसली की शाखा कार्यालयाला शंका येते आणि तो कामगार खरेच त्या दिवशी कामावर होता का, याचा पुरावा मागितला जातो. अपंगत्वाच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. त्यामुळे मुद्दा वर्गणीचा उरत नाही, हजेरीचा उरतो. गेट पास, हजेरीचा फोटो, बँकेत जमा झालेला पगार, शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निरोप, हे सगळे तिथे उपयोगी पडते.

पहिली नोंद कुठे होते?

मोठ्या आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत व्यावसायिक आरोग्य केंद्र असते. कामगार त्याला ‘ओएचसी’ किंवा सरळ ‘कंपनीचा दवाखाना’ म्हणतात. तिथे कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी किंवा परिचारिका जखम धुते, पट्टी बांधते आणि वहीत एक ओळ लिहिते. बहुतेकदा ती ओळ अशी असते : ‘उजव्या हाताच्या बोटाला जखम, ड्रेसिंग केले, पुढे पाठवले.’ उपचारासाठी एवढे पुरते. दाव्यासाठी मात्र या ओळीत काहीच नाही. कोणते बोट, कोणते मशीन, किती वाजता, काय करताना, यातले एकही उत्तर तिच्यात सापडत नाही.

म्हणून आरोग्य केंद्रात सांगताना कामगाराने, किंवा तो सांगण्याच्या स्थितीत नसेल तर सोबत्याने, एक पूर्ण वाक्य लिहून घ्यायला लावावे. उदाहरणार्थ : ‘दुसऱ्या पाळीत संध्याकाळी पावणेसहाला, प्रेस शॉपमधील चार नंबरच्या पॉवर प्रेसवर डायमधून तयार पीस काढत असताना रॅम खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी डायमध्ये सापडली.’ हे वाक्य साध्या भाषेत असले तरी चालते. मालकाला द्यायच्या सूचनेबाबत कायद्याची अपेक्षाही तेवढीच आहे : जखमीचे नाव-पत्ता, अपघाताची तारीख आणि इजेचे कारण, तेही साध्या शब्दांत. वकिली भाषा लागत नाही.

लहान कारखान्यात आरोग्य केंद्र नसते. तिथे सुपरवायझर, वेळपाल किंवा मालक स्वतःच पहिला माणूस असतो. विमा योजनेत सूचना तोंडी दिली तरी चालते, पण ती अपघात नोंदवहीत चढली पाहिजे. ही वही ठेवणे मालकावर बंधनकारक आहे आणि तिचे रकाने बारकाईने पाहण्यासारखे आहेत. त्यात कामगाराचे नाव, वय, विमा क्रमांक, पाळी, विभाग यांच्याबरोबर अपघाताचे कारण, वेळ, जागा, आणि ‘अपघाताच्या क्षणी जखमी व्यक्ती नेमके काय करत होती’ असा स्वतंत्र रकाना असतो. सूचना देणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि शेवटी दोन साक्षीदारांची नावे व पत्ते असतात.

साक्षीदारांचा रकाना अनेकदा रिकामा राहतो. शेजारच्या मशीनवरचा माणूस ठेकेदाराचा, सहा महिन्यांनी तो दुसऱ्याच गावी असतो. त्याचे नाव आणि मोबाइल नंबर त्याच दिवशी टिपून ठेवणे हे दहा सेकंदांचे काम आहे. ते राहिले की पुढे दाव्यात त्याला शोधत बसावे लागते.

दवाखान्यातली एक ओळ

खरी गफलत मात्र कारखान्याबाहेर होते. रक्तबंबाळ कामगाराला सुपरवायझर जवळच्या खासगी रुग्णालयात नेतो. काउंटरवर विचारणा होते, काय झाले? आणि उत्तर येते, ‘घरी दारात बोट सापडले’ किंवा ‘गाडीवरून पडला.’ कारण कामावरचा अपघात सांगितला तर पोलिसांना कळवावे लागेल, कारखाना निरीक्षक येईल, अशी भीती. खर्च कंपनी करणार असते म्हणून कामगारही गप्प बसतो. डॉक्टर ऐकतो ते लिहितो. दोन महिन्यांनी भरपाई मागायला गेल्यावर समोरच्या बाजूचा वकील तोच केसपेपर काढून दाखवतो.

केसपेपरवरील या पहिल्या माहितीला दाव्यात फार वजन असते, कारण ती भांडण सुरू होण्याआधीची असते. म्हणून जखमीने किंवा नातेवाइकाने रुग्णालयात स्वतःच्या तोंडाने सांगावे की इजा कामावर झाली, कंपनीचे नाव काय, मशीन कोणते. मेडिकल किंवा मेयोत नेले तर अशा प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि तो कागद पुढे पुरावा ठरतो. चुकीचे लिहिले गेल्याचे लक्षात आले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगून खरी माहिती तारखेसह नव्याने लिहून घ्यावी. जुनी ओळ खोडायला लावू नये. खाडाखोड केलेला केसपेपर चुकीच्या केसपेपरपेक्षाही जास्त संशय निर्माण करतो.

विमाधारक असेल तर त्याने शक्य तितक्या लवकर विमा दवाखान्यात जावे. नागपुरात सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालय आणि शहरातले सेवा दवाखाने आहेत. कामावर न जाऊ शकण्याचे प्रमाणपत्र तिथूनच मिळते. खासगी डॉक्टरची ‘विश्रांतीची चिठ्ठी’ लाभाचे पैसे काढायला आपोआप चालत नाही.

एक पेर किती रुपयांचे?

आता हे सगळे तपशील पैशांत कसे उतरतात ते पाहू. कायद्याच्या तक्त्यात बोटांच्या इजांची टक्केवारी ठरलेली आहे. तर्जनीचे हाड न जाता फक्त टोक छाटले गेले तर कमाईच्या क्षमतेची हानी ५ टक्के. एक पेर गेले तर ९, दोन पेरे गेली तर ११ आणि पूर्ण बोट गेले तर १४ टक्के. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. मधले बोट तर्जनीपेक्षा थोडे कमी, अनामिका आणि करंगळी आणखी कमी. हात उजवा की डावा, याने बोटांच्या टक्क्यात फरक पडत नाही, हे ऐकून अनेक कामगारांना आश्चर्य वाटते.

म्हणजे ‘बोटाला जखम’ या शब्दांत पाचपासून चौदा टक्क्यांपर्यंत काहीही दडलेले असू शकते. निवाडा करतो तो एक्स-रे. हाड कुठपर्यंत गेले हे शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेवरून दिसते, त्यामुळे दोन्ही फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे लागते. बोट जागेवर असूनही कायमचे निकामी झाले, वाकतच नाही, तर तेही गमावल्यासारखेच धरण्याची तरतूद आहे. पण तसे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे लागते.

समजा, हिंगण्याच्या एका कारखान्यातील ३० वर्षांच्या प्रेस ऑपरेटरची तर्जनीची दोन पेरे गेली. तो विमाधारक आहे आणि त्याचे सरासरी दैनिक वेतन ५०० रुपये आहे. अपघाताचा दिवस सोडून, किमान तीन दिवस काम करता आले नाही तर त्याला वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे रोज ४५० रुपये तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. दीड महिना घरी बसला तर ४५ दिवसांचे २०,२५० रुपये झाले. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कायमची हानी ११ टक्के ठरवते. मग ४५० रुपयांच्या ११ टक्के, म्हणजे रोज साडेएकोणपन्नास रुपये, तीस दिवसांच्या महिन्याला सुमारे १,४८५ रुपये, ते हयातभर. रक्कम छोटी दिसते, पण तो पुन्हा कामावर लागला तरी ती बंद होत नाही.

तोच कामगार विमा योजनेत नसेल तर गणित वेगळे. मासिक वेतन १४ हजार धरले तर त्याचे ६० टक्के म्हणजे ८,४०० रुपये. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तीस वर्षांसाठी हा गुणक २०७.९८ आहे. गुणाकार येतो १७,४७,०३२ रुपये; ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. त्याचे ११ टक्के म्हणजे सुमारे १,९२,१७४ रुपये, एकरकमी. हाच कामगार ३५ वर्षांचा असता तर गुणक १९७.०६ लागला असता. म्हणून वयाचा दाखला दाव्यासोबत जोडावा लागतो आणि आधार कार्डावर अंदाजाने टाकलेली १ जानेवारीची जन्मतारीख इथे प्रत्यक्ष पैशांत खुपते.

वेतनाचेही तसेच. हातात १४ हजार आणि पगारपत्रकावर नऊ हजार असा प्रकार लहान कारखान्यांत नवा नाही. बँकेतल्या नोंदी हा त्यावरचा साधा उतारा आहे. मात्र उलट बाजूने मर्यादाही आहे : जुन्या कायद्याखाली २०२० च्या अधिसूचनेनुसार गणितासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५ हजारच धरले जात होते, प्रत्यक्ष पगार कितीही असो.

‘गार्ड त्यानेच काढला होता’

मालकाच्या अहवालातील एक प्रश्न अनेकांच्या नजरेतून सुटतो. विमा कार्यालयाला जाणाऱ्या अपघात अहवालात मालकाला विचारले जाते की कामगार दारूच्या अमलाखाली होता का, त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला का, सुरक्षा गार्ड मुद्दाम काढला का. इथे ‘होय’ लिहिले गेले की दाव्याला वळण लागते. विमा योजनेबाहेरच्या प्रकरणात तर मालक याच मुद्द्यावर भरपाई नाकारू शकतो. अपवाद मृत्यूचा आणि पूर्ण कायमच्या अपंगत्वाचा. त्या दोन प्रसंगी ही सबब चालत नाही.

पण कायद्यातला शब्द ‘मुद्दाम’ हा आहे. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी गार्ड आठवडाभर काढूनच ठेवलेला होता, दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक टेपने चिकटवून ठेवलेले होते आणि सुपरवायझरला ते दिसत होते, तर तो कामगाराचा मुद्दाम केलेला नियमभंग म्हणणे अवघड जाते. विमा कायद्यात तर नियम मोडून केलेले कामही मालकाच्या धंद्यासाठीच केले असेल तर अपघात कामावरचाच मानला जातो. म्हणून नोंदीत ‘मशीनवर गार्ड नव्हता’ एवढी वस्तुस्थिती पहिल्याच दिवशी यायला हवी. आठवड्याने मशीनवर नवा पिवळा गार्ड झळकू लागतो, त्यानंतर जुने चित्र सिद्ध करणे कठीण असते. शक्य असेल तर सहकाऱ्याने त्याच दिवशी काढलेला मशीनचा फोटो लाखमोलाचा ठरतो. कारखान्यात मोबाइल बंदी असेल तर मात्र साक्षीदारांवरच भिस्त.

मालकाने कळवलेच नाही तर?

अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. ही अट टाळण्यासाठी ‘तिसऱ्या दिवशी नुसता येऊन बस, हजेरी लागेल’ अशी क्लृप्ती काही ठिकाणी लढवली जाते. पट्टी बांधलेल्या हाताने कामगार स्टोअरमध्ये बसून राहतो. कागदावर मग अपघातच उरत नाही, आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभही जातो, कारण त्या दिवसांचे वेतन मिळालेले असते. डॉक्टरने विश्रांती लिहून दिली असताना कामावर हजेरी लावणे कामगाराच्या दाव्याला सर्वांत घातक ठरते, हे त्याला त्या वेळी कोणी सांगत नाही.

मालक टाळाटाळ करत असेल तर कामगाराने स्वतः लेखी सूचना द्यावी. एक प्रत मालकाला रजिस्टर पोस्टाने, एक विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात पोच घेऊन. ठेकेदाराचा कामगार असेल तर ठेकेदार आणि मूळ कंपनी अशा दोघांनाही पाठवावी. विम्याबाहेरच्या भरपाईत मूळ कंपनीकडूनही रक्कम मागता येते, तिने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. महामंडळाचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ हा आहे. तिथे तक्रार नोंदवल्यास तिचा क्रमांक लिहून ठेवावा. मालकाने वर्गणी भरली नाही ही चूक कामगाराच्या माथी मारता येत नाही. महामंडळ लाभ देऊन रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

विम्याबाहेरच्या कामगारापुढे आणखी एक सापळा असतो. वीस-पंचवीस हजार रुपये हातावर ठेवून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. असा करार करून कायद्याची भरपाई सोडून देता येत नाही. हक्क सोडण्याचा करार या बाबतीत निरर्थक आहे. तडजोड करायचीच तर ती भरपाईच्या अधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. महाराष्ट्रात जुन्या कायद्याखाली हे काम कामगार न्यायालये पाहत आली आहेत. सही केली म्हणून संपले असे समजून अनेक जण घरी बसतात आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत निघून जाते. दुसरीकडे, देय झालेली रक्कम मालकाने महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो.

विमाधारकाला वैद्यकीय मंडळाने ठरवलेला टक्का कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे तीन महिन्यांत जाता येते. तिथे पुन्हा तेच कागद उघडले जातात : पहिला केसपेपर, दोन एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि अपघात नोंदवहीतील ती एक ओळ. मंडळापुढे जाताना मूळ कागद देऊन टाकू नयेत, झेरॉक्स द्यावी आणि मूळ फक्त दाखवावे. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरच्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवला तर फाइल हरवली तरी दावा उभा राहतो.